१८० ते शून्य : एका ऑफिस इमारतीचा वीजहिशेब

नवी मुंबईत वीसएक वर्षांपूर्वी बांधलेली, सहा मजल्यांची, पश्चिमेला काचच काच असलेली एक ऑफिस इमारत डोळ्यांपुढे आणा. नेमकी हीच इमारत शोधायला कुणी जाऊ नये. ठाणे-बेलापूर रस्त्यावर अशा कितीतरी आहेत, त्यांच्यावरून हिशेबापुरता हा नमुना घेतला आहे. दर मजला १,२५० चौरस मीटरचा, म्हणजे वापरातलं क्षेत्र ७,५०० चौरस मीटर. खाली तळघरात पार्किंगचे दोन स्तर, आणखी २,५०० चौरस मीटर. वर्षभरात महावितरणकडून १३ लाख २० हजार युनिट वीज आली आणि डिझेल जनरेटरने ३० हजार युनिट तयार केली. एकूण साडेतेरा लाख. याला ७,५०० ने भागलं की उत्तर येतं १८०. दर चौरस मीटरला वर्षाला १८० युनिट, हा या इमारतीचा ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक. या धंद्यातली माणसं त्याला सरळ ‘ईपीआय’ म्हणतात.

आता भागताना पार्किंगचं क्षेत्रही धरा. साडेतेरा लाखांना दहा हजारांनी भागलं की उत्तर येतं १३५. तीच इमारत, तेच बिल.

हा फरक किती महाग पडतो ते ताऱ्यांवरून कळतं. ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे ‘बीईई’ने, २००९ साली ऑफिस इमारतींसाठी तारांकन सुरू केलं. फ्रिजवर असतात तसेच एक ते पाच तारे. उष्ण-दमट हवामान आणि निम्म्याहून जास्त क्षेत्र वातानुकूलित असेल, तर योजनेच्या मूळ कोष्टकात २०० ते १७५ ईपीआयला एक तारा होता. पुढे दर २५ युनिट खाली उतरलं की एकेक तारा वाढतो आणि १००च्या खाली गेलं की पाच. हवामान बदललं की कोष्टक बदलतं. सोलापूरसारख्या उष्ण-कोरड्या ठिकाणी निकष वीस युनिटांनी कडक. म्हणजे आपल्या नमुन्याला १८०वर एक तारा मिळतो आणि तळघर मिसळलं तर फुकटात तीन. योजनेने पार्किंग भाजकातून वगळायला सांगितलं आहे, पण घाईत केलेल्या अहवालांत ते हमखास शिरतं. त्याहून वाईट म्हणजे भाडेकराराच्या कागदावरचं सुपर बिल्टअप क्षेत्र. त्यात जिना, लॉबी आणि बिल्डरचं ‘लोडिंग’ चढवलेलं असतं. ते भाजकात घातलं की कुठलीही इमारत कार्यक्षम दिसू लागते. ईपीआय सांगणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न क्षेत्राबद्दल विचारावा, तो याचसाठी.

भाज्यातही एक खड्डा आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघतं, साध्या युनिटांवर, म्हणजे केडब्ल्यूएचवर, नाही. दोन्ही आकडे बिलावर छापलेले असतात. पॉवर फॅक्टर ०.९४ असेल तर १३ लाख २० हजारांऐवजी नजर १४ लाख ४ हजारांवर जाते आणि ईपीआय अकराने फुगतो. हिशेबाला केडब्ल्यूएचच घ्यायचे. जनरेटरची वीजही विसरायची नाही. छतावरची सौर वीज मात्र वेगळी लिहायची, कारण ती बिलातून परस्पर वजा झाली तर उधळपट्टी झाकली जाते. आधी इमारत वापरते किती ते पाहायचं, मग ती वीज येते कुठून ते.

१८० आकडा मिळाला, पण तो काय करायचं हे सांगत नाही. त्यासाठी वीज जाते कुठे ते शोधावं लागतं. आपल्या इमारतीत वर्षाला वातानुकूलनाला साडेसात लाख युनिट लागतात, दिव्यांना दोन लाख, संगणक, सर्व्हर आणि यूपीएसला दोन लाख ऐंशी हजार. उरलेले एक लाख वीस हजार लिफ्ट, पंप आणि किरकोळ गोष्टींना. ही वाटणी दाखवणारं वर्तुळ प्रत्येक ऊर्जा लेखापरीक्षणाच्या अहवालात असतं आणि ते पाहून व्यवस्थापन लगेच नव्या चिलरचं कोटेशन मागवतं. सगळ्यात मोठी फोड एसीची, म्हणून एसी बदला. इथेच बहुतेक योजना चुकतात.

त्याआधी एक दुसरा कागद मागवायला हवा. उच्चदाब मीटर दर पंधरा मिनिटांचा भार साठवून ठेवतो. त्या नोंदींवरून एका आठवड्याचा आलेख काढायचा आणि दिवसाचं शिखर सोडून रात्री अकरा ते पहाटे सहाची सपाट रेघ बघायची. इमारतीची ती उपाशीपोटीची शुगर. आपल्या इमारतीत ती रेघ ७० किलोवॅटवर आहे आणि रविवारी दुपारीही तिथेच. ऑफिस वर्षाला साधारण अडीचशे दिवस, रोज अकरा तास चालतं. म्हणजे कामाचे २,७५० तास आणि बंद असण्याचे सुमारे ६,०१०. बंद तासांना ७० ने गुणलं की चार लाख वीस हजार युनिट होतात. वर्षाच्या विजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा इमारतीत कुणी नसताना जातो.

हे ७० किलोवॅट खातं कोण? रात्री दहानंतर क्लॅम्प मीटर घेऊन एकेक पॅनल मोजत गेलं की चित्र उघडं पडतं. सर्व्हर आणि यूपीएस मिळून २५. दिवे ६. चालू राहिलेले संगणक, वॉटर कूलर, स्वच्छतागृहांचे एक्झॉस्ट पंखे वगैरे ११. आणि उरलेले २८ किलोवॅट एका छोट्या खोलीसाठी. सर्व्हर रूमला गारवा चोवीस तास हवा, ती खोली मुख्य चिलरच्या पाण्यावर जोडलेली, म्हणून सव्वाशे टनांचं यंत्र, त्याचा पंप आणि त्या मजल्याचा हवा फिरवणारा एएचयू रात्रभर चार-पाच टनांच्या कामासाठी चालू. जुन्या ऑफिसांमध्ये हे इतक्या वेळा सापडतं की शोध तिथूनच सुरू करावा.

पहिला टप्पा म्हणून एवढंच आवरायचं. सर्व्हर रूमला स्वतःचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवायचे, एक चालू आणि एक राखीव, म्हणजे रात्री मुख्य चिलर बंद करता येतो आणि २८चे ६ किलोवॅट होतात. अर्धवट भारावर चालणारे दोन यूपीएस एकावर आणायचे, कारण कमी भारावर यूपीएस स्वतःच बरीच वीज खातो. २५चे २१ होतात. दिवे, कूलर, एक्झॉस्टना टायमर, संगणकांना आपोआप झोपवणारी सेटिंग. रात्रीची रेघ ७० वरून ३५ वर येते आणि वर्षाला दोन लाख दहा हजार युनिट वाचतात. दिवसा सेटपॉइंट २२ वरून २४ अंशांवर न्यायचा. अंशाला सहा टक्के बचत असं बीईई सांगतं. इमारतीत दोन अंशांचे मिळून दहा टक्के धरलेले बरे, म्हणजे आणखी साठ हजार युनिट. पावसाळ्यात ‘दमट वाटतंय’ अशी तक्रार येईल, आणि ती खोटी नसेल. तेव्हा बाहेरची हवा गरजेपेक्षा जास्त ओढली जात नाही ना ते तपासायचं आणि छताला पंखे लावायचे. अंगावर वारा लागला की २५-२६ अंशही चालून जातात. ऑफिसांतून सीलिंग फॅन हद्दपार केला, ही आपल्या आर्किटेक्ट मंडळींची एक महागडी हौस.

या टप्प्यानंतर वापर दहा लाख ऐंशी हजारांवर येतो, ईपीआय १४४ वर. एका ताऱ्याची इमारत तीन ताऱ्यांत आली आणि मोठं यंत्र एकही विकत घेतलेलं नाही.

दुसऱ्या टप्प्यात यंत्राला हात न लावता त्याच्यावरचं ओझं कमी करायचं. जुन्या ट्यूब काढून एलईडी आणि खिडकीलगतच्या दिव्यांच्या रांगांना उजेडाचे सेन्सर, यात पंचाण्णव हजार युनिट वाचतात. दिव्याची वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उतरते आणि ती बाहेर काढायला एसी लागतो; म्हणून याच बदलातून वातानुकूलनाचे सत्तावीस हजार आपोआप कमी होतात. पश्चिमेच्या काचेला बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा जाळी लावायची. आतले पडदे ऊन अडवतात खरे, पण उष्णता तोवर काचेच्या आत आलेली असते, त्यामुळे बाहेरची सावली आणि आतला पडदा यांत मोठा फरक पडतो. यातून पंचेचाळीस हजार. जुने डेस्कटॉप जातील तसे लॅपटॉप आणले तर पन्नास हजार. सगळं मिळून दोन लाख सतरा हजार. वापर आठ लाख त्रेसष्ट हजार, ईपीआय ११५.

आता कुठे चिलरची पाळी येते. इतकं थांबायचं कारण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या नूतनीकरणात चांगलं दिसतं. २००९ मध्ये जाहीर झालेल्या त्या कामात सगळ्या ६,५१४ खिडक्यांच्या काचा काढून, इमारतीतच कार्यशाळा उभारून, मधे पातळ फिल्म घालून पुन्हा बसवल्या. रेडिएटरमागे इन्सुलेशन घातलं, दिवे सुधारले. ओझं इतकं घटलं की चिलर नवे घेण्याऐवजी जुनेच नव्या भागांनी सुधारून भागलं. खिडक्यांचा खर्च चिलरच्या वाचलेल्या खर्चातून बराचसा निघाला. क्रम उलटा असता तर मोठे चिलर आधी आले असते आणि नंतर अर्ध्या भारावर फिरत बसले असते.

आपल्या इमारतीत सव्वाशे टनांचे हवेने थंड होणारे तीन चिलर आहेत. ते खरंच वाईट आहेत का, हे मोजून ठरवता येतं. चिलरमधून जाणारं पाणी तासाला किती घनमीटर आहे ते अल्ट्रासॉनिक फ्लो मीटरने, पाइप न कापता, मोजायचं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमानांतला फरक घ्यायचा. समजा १२० घनमीटर पाणी आणि ३ अंशांचा फरक. १२० गुणिले ३ गुणिले १,००० म्हणजे तासाला तीन लाख साठ हजार किलोकॅलरी; एक टन गारवा म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी, त्यामुळे यंत्र ११९ टन काम करतंय. त्याच वेळी ते १५५ किलोवॅट खात असेल, तर टनाला १.३ किलोवॅट झाले. पाण्याने थंड होणारं चांगलं आधुनिक यंत्र टनाला ०.६ च्या आसपास घेतं; कूलिंग टॉवर आणि त्याचा पंप धरून ०.७५.

या मोजणीत दुसरा रोगही सापडतो. पाण्याच्या तापमानात मुळात पाच-साडेपाच अंशांचा फरक अपेक्षित होता आणि मिळतोय तीन. म्हणजे एएचयूंच्या कॉइलमधून पाणी काम न करता परत येतंय आणि पंप जवळजवळ दुप्पट पाणी फिरवतोय. बहुतेक वेळा कारण असतं बिघडून उघडी राहिलेली झडप नाहीतर वर्षानुवर्षं न धुतलेली कॉइल. हे आधी दुरुस्त न करता नवं यंत्र बसवलं तर तेही तसंच वागेल.

ओझं कमी झाल्यावर तीनाऐवजी १२० टनांची दोन यंत्रं पुरतात. पंपांना आणि एएचयूच्या पंख्यांना वेग बदलणारे ड्राइव्ह लावायचे. उरलेल्या वातानुकूलनाच्या विजेतून सुमारे पंचेचाळीस टक्के, म्हणजे दोन लाख वीस हजार युनिट वाचतात. वापर सहा लाख त्रेचाळीस हजार, ईपीआय ८६, कोष्टकात पाच तारे. एक अट मात्र खरी आहे: कूलिंग टॉवर पाणी पितो. एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवणाऱ्या इमारतीने हा बदल करू नये, किंवा सांडपाणी शुद्ध करून ते टॉवरला देण्याची सोय आधी करावी. वीज वाचवून पाणी उधळलं, हा हिशेब ईपीआयच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

उरला शून्याचा टप्पा. साडेबाराशे चौरस मीटरच्या गच्चीतून पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, नवा कूलिंग टॉवर आणि त्यांच्या सावल्या वजा केल्या की सुमारे ८०० चौरस मीटर उरतात. त्यावर शंभरएक किलोवॅट सौर पॅनल बसतात. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. म्हणजे एक लाख चाळीस हजार. ७,५०० ने भागा: जेमतेम १९. हीच गच्ची एकमजली इमारतीवर असती तर मजल्याच्या दर चौरस मीटरला ११२ युनिट मिळाले असते आणि ८६ सहज भागले असते. सहा मजल्यांवर ती सहा वाट्यांत फाटते. पार्किंगच्या मोकळ्या भागावर छत घालून चाळीस किलोवॅट आणखी मिळवले, तरी चार लाख सत्तेचाळीस हजार युनिट उरतातच. आवारातल्या आवारात शून्य गाठणं मजल्यांच्या संख्येवर अडतं, आणि ती संख्या वीस वर्षांपूर्वीच ठरून गेली आहे.

दिल्लीतल्या इंदिरा पर्यावरण भवनाने हे कसं जमवलं, असा प्रश्न इथे पडायला हवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधलेल्या या सरकारी इमारतीचं उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१४ ला झालं. सुमारे ३१ हजार चौरस मीटरची ही बहुमजली इमारत, ९३० किलोवॅट पॅनल, आराखड्यानुसार वर्षाला चौदा लाखांच्या आसपास युनिट. भागाकार केला की ४५ च्या जवळ उत्तर येतं आणि इमारतीचा आराखड्यातला ईपीआय तेवढाच आहे. म्हणजे खाली वापर पंचेचाळिसाच्या आसपास दाबला आणि वर पॅनल गच्चीच्या कडा ओलांडून बाहेरपर्यंत पसरवले, तेव्हा दोन्ही आकडे जुळले. जमिनीत उष्णता सोडणारी यंत्रणा, चिल्ड बीम, चौरस मीटरला पाच वॅटची प्रकाशयोजना, हे सगळं पायापासून ठरवता आलं. उभ्या इमारतीला यातलं थोडंच मिळतं.

तेव्हा आपल्या इमारतीला उरलेली वीज बाहेरून घ्यावी लागेल. केंद्राच्या २०२२ च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी त्यासाठीची किमान मर्यादा शंभर किलोवॅटपर्यंत खाली आणली, त्यामुळे एवढं ऑफिसही पात्र ठरतं. दुसऱ्या जिल्ह्यात जमिनीवर उभारलेल्या सौर प्रकल्पात वाटा घ्यायचा आणि वीज महावितरणच्या तारांवरून आणायची. वाटेतला तोटा धरून साडेतीनशे किलोवॅटचा वाटा पुरेल. पहिले तीन टप्पे वगळून थेट इथे उडी मारली असती, तर आवारातलं धरून एकूण ९६० किलोवॅटच्या वर लागले असते. आता पाचशेच्या आत भागतं.

शून्य म्हणजे काय, यालाही बीईईची व्याख्या आहे. ‘शून्य’ नावाच्या तिच्या लेबलसाठी सौर वीज वजा करून उरलेला ईपीआय १० ते ० च्या दरम्यान हवा. शून्याखाली गेला तर ‘शून्य प्लस’. ही वजाबाकी वर्षभराची आहे. रात्री अडीच वाजता पॅनल झोपलेले असतात आणि सर्व्हर जागे. ते ३५ किलोवॅट तेव्हा ग्रिडमधूनच येतात, आणि ग्रिडमध्ये त्या वेळी प्रामुख्याने कोळशाची वीज असते. जुलैतही सौर उत्पादन पडतं आणि मे महिन्यातलं जास्तीचं उत्पादन कागदावर ते भरून काढतं. लेबल खोटं ठरत नाही, पण रात्रीची रेघ आणखी खाली आणणं शून्यानंतरही का संपत नाही ते यातून दिसतं.

अशी योजना कागदावर चार पायऱ्यांची दिसते. प्रत्यक्षात दोन गोष्टी तिला पोखरतात. पहिली भाडेकरार. चिलरचा खर्च मालकाचा आणि वाचलेलं बिल भाडेकरूचं, अशी वाटणी असेल तर तिसरा टप्पा कुणीच करत नाही. मजलावार मीटर बसवून बचतीचा हिस्सा करारात लिहिला तरच तो पुढे सरकतो. दुसरी गोष्ट हळू होते. कुणीतरी बैठकीपुरता सेटपॉइंट २१ वर नेतो आणि तो तिथेच राहतो, सेन्सर ‘उगाच दिवे घालवतो’ म्हणून चिकटपट्टीने झाकला जातो, टायमर दिवाळीच्या रोषणाईत काढला जातो तो परत लागत नाही. वर्षाच्या ईपीआयमध्ये हे उशिरा दिसतं. लवकर पकडायचं असेल तर दर महिन्याचे युनिट आणि त्या महिन्याची उष्णता शेजारी मांडायची. मे आणि जानेवारीत ठळक फरक हवा. जानेवारीतही बिल हलत नसेल, तर बाहेरच्या हवेशी यंत्रणेचा संबंध तुटला आहे असं समजायचं.

आणि सगळं नीट चालू असूनही एक दिवस आकडा वर जाईल. तिसरा मजला रिकामा होईल, तिथे अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी कंपनी येईल आणि रात्रपाळी सुरू होईल. ईपीआय ८६ वरून शंभरी ओलांडेल, एक तारा जाईल. यात इमारतीचा दोष काही नाही. ती पूर्वीपेक्षा जास्त तास माणसं सांभाळते आहे. बीपीओ इमारतींसाठी बीईईने म्हणूनच वेगळा निकष ठेवला आहे, त्यात वर्षाऐवजी दर तासाला दर चौरस मीटरमागे किती वॉट-तास गेले ते पाहतात. मिश्र पाळ्यांच्या इमारतीने दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. वार्षिक आकडा चढला आणि ताशी आकडा जागेवर राहिला, तर तंत्रज्ञाला बोलवायची गरज नाही. फक्त बाहेरच्या सौर वाट्यात थोडी भर घालावी लागेल.